पोटरीपासून फुफ्फुसापर्यंत : प्रस्तावना

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, तिला डीव्हीटी म्हणतात. तीच गुठळी, किंवा तिचा तुकडा, सुटून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकला की त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. पाठ्यपुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं असतात. एक सर्जरीच्या पुस्तकात, दुसरं मेडिसिनच्या. त्यामुळे विद्यार्थिनीच्या मनातही दोन वेगळे आजार तयार होतात, सूज येणारा एक आणि दम लावणारा दुसरा. प्रत्यक्षात हा एकाच आजाराचा प्रवास आहे. पोटरीतून गुडघ्यामागे, तिथून मांडीत, मग जांघेतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि पुढे फुफ्फुसात. वाटेत शीर रुंदच होत जाते, म्हणून निघालेल्या गुठळीला अडवणारं फुफ्फुसाआधी काही नाही. निघण्याआधी मात्र ती बहुतेक वेळा काही तास, कधी काही दिवस पायात असते. त्या वेळात रुग्णाच्या पायाजवळ डॉक्टर क्वचित असतो, नर्स तिन्ही पाळ्यांत असते. मराठीत नर्सेससाठी लिहिलेलं हे पुस्तक त्या वेळाबद्दल आहे.

विषयाचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण आजच्या वॉर्डातल्या बऱ्याच सवयी त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडकून राहिल्या आहेत. फुफ्फुसातली गुठळी पायातून येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पॅथॉलॉजिस्टने दाखवलं. गुठळी होण्याची तीन कारणं आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात : रक्त साचून राहणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठणारं होणं. १३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस आता जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात.

कारण कळलं तरी उपाय पुष्कळ काळ सापडला नाही. पहिला संप्रदाय शस्त्रक्रियेचा. ट्रेंडेलेनबर्गने १९०८ मध्ये छाती उघडून धमनीतली गुठळी काढायची शस्त्रक्रिया सुचवली, पण त्याचा एकही रुग्ण पूर्ण बरा झाला नाही. पहिलं यश त्याचा शिष्य किर्शनरला १९२४ मध्ये मिळालं. अमेरिकेत जॉन होमन्सने मांडीची शीरच बांधून टाकायचा मार्ग धरला. पाऊल वर ओढल्यावर पोटरीत दुखणं, ही त्याच्या नावाची खूण आपल्याकडे नर्सिंगच्या परीक्षेत अजून विचारतात. ती खूण डीव्हीटी असलेल्या कित्येकांत मिळत नाही आणि नसलेल्या कित्येकांत मिळते. खुद्द होमन्सलाही पुढे तिचं फारसं कौतुक राहिलं नव्हतं. परीक्षेतून ती काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा संप्रदाय औषधाचा. हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये बाल्टिमोरला लागला, पण माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपॅरिन मिळायला १९३०चं दशक उजाडलं. ते खरोखर जीव वाचवतं हे पडताळून बघायला तर १९६० साल लागलं. त्या वर्षी ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी पल्मनरी एम्बोलिझमच्या रुग्णांचे दोन गट केले. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी पाच जण एम्बोलिझमने गेले, औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही नाही. पुढे कोणाला औषधाविना ठेवणं योग्य वाटेना, म्हणून त्यांनी तुलना तिथेच थांबवली. एवढ्या लहान आकड्यांवर उभी राहिलेली उपचारपद्धती वैद्यकात विरळाच.

तिसरा टप्पा प्रतिबंधाचा, आणि त्यात एक भारतीय नाव ठळक आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले सर्जन विजय कक्कर यांच्या पुढाकाराने ४,१२१ शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेखाली हेपॅरिनचा छोटा डोस दिलेल्या गटात एम्बोलिझमने दोन मृत्यू झाले, न दिलेल्या गटात १६. शस्त्रक्रिया झाल्यावर पोटावर रोज टोचायची ती बारीक सुई त्यानंतर जगभर रूढ झाली.

आपल्याकडे मात्र एक समज दीर्घकाळ टिकला : हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्या लोकांना तो होत नाही. पायाचा डॉपलर मागवलाच जात नव्हता, त्यामुळे निदान होत नव्हतं. आणि निदान होत नाही म्हणून आजार नाही, असं गृहीत धरलं जात होतं. २००८ साली ३२ देशांतल्या रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. दाखल रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना गुठळीचा धोका आपल्याकडेही निघाला. फरक निघाला तो प्रतिबंधात. धोका असलेल्या भारतीय रुग्णांपैकी एक पंचमांशालाही योग्य प्रतिबंधक उपाय मिळत नव्हता. तेव्हापासून मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत बरंच सुधारलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी काय चालतं, ते हे पुस्तक वाचणाऱ्या सिस्टर्सना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

या पुस्तकातलं एक उदाहरण मी इथे थोडं सविस्तर मांडतो, कारण सगळा विषय त्यात सापडतो. शिकवण्यासाठी ते रचलेलं आहे, पण बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल. एकतीस वर्षांची, सत्तर किलो वजनाची बाई. कळा लांबल्या, शेवटी तातडीचं सिझर झालं, रक्तस्राव झाला म्हणून एक पिशवी रक्त द्यावं लागलं. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठणारं झालेलं असतं आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे धोका सर्वांत जास्त असतो. त्यात सिझर, रक्तस्राव आणि अंथरुणावर पडून राहणं यांची भर पडली. शिवाय बाळंतिणीला फार पाणी देऊ नये, बाजेवरून उठू देऊ नये, ही घरातली पद्धत दवाखान्यातही डब्याबरोबर येतेच.

तिसऱ्या दिवशी तिने डाव्या जांघेत दुखतंय म्हणून सांगितलं. टाक्यांचं असेल म्हणून पॅरासिटामॉल दिलं गेलं. इथे पहिली संधी हुकली. गरोदरपणात आणि बाळंतपणात डीव्हीटी बहुधा डाव्या पायाला होते, कारण ओटीपोटात डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते आणि ती शीर दाबली जाते. गुठळी पोटरीत सुरू न होता थेट जांघेच्या वर होऊ शकते. तेव्हा पोटरी मऊ आणि जांघ, कंबर किंवा मांडीची मागची बाजू दुखतेय, असं चित्र दिसतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाळीवर आलेल्या सिस्टरला सासूबाई सुनेच्या पायाला कोमट तेल चोळताना दिसल्या. पाय सुजलाय, म्हणून मालिश. सिस्टरने आधी ते थांबवलं. नुसतं ‘करू नका’ म्हटलं तर पाठ फिरल्यावर पुन्हा सुरू होतं, म्हणून तिने कारणही सांगितलं : ‘आई, आत गुठळी असेल तर चोळल्यानं सुटून छातीत जाईल.’ मग चादर बाजूला करून तिने दोन्ही पाय शेजारीशेजारी पाहिले. डावा पाय मांडीपर्यंत भरलेला, रंग जरा जांभळट, हाताला गरम. तिने टेप घेतली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा बोटाला लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनने खूण केली आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर घेतला. उजवी ३५, डावी साडेअडतीस.

हे मोजमाप कॅनडातल्या फिलिप वेल्स यांच्या गुणांच्या पद्धतीतून आलेलं आहे. पूर्वीच्या डॉक्टरांचा भर अनुभवी नजरेवर असे. वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की साध्या निरीक्षणांना गुण दिले तर कोणाला तपासणी तातडीने लागेल हे बऱ्यापैकी ठरवता येतं. दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक हे त्यांतलं एक निरीक्षण. ही पद्धत गरोदर बायकांसाठी बनवलेली नाही आणि त्यांच्यात दोन सेंटिमीटरचा फरकही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी या रुग्णात जवळपास निरुपयोगी आहे, कारण बाळंतपणानंतर, तसंच कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर, ती वाढलेलीच येते. नॉर्मल आली तर आणि धोका मुळात कमी असेल तर गुठळी नाही असं म्हणायला ती उपयोगी पडते. गुठळी आहे असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. डॉपलर सकाळी करू, असं उत्तर आलं, कारण सोनोग्राफीचे डॉक्टर रात्री नव्हते. हीच आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. शंका दाट असेल, तपासणीला वेळ लागणार असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर तपासणीची वाट न बघता रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू करायचं, असा आता सर्वमान्य संकेत आहे. ‘सर, तोपर्यंत हेपॅरिन द्यायचं का?’ हा प्रश्न विचारायचा नर्सला पूर्ण अधिकार आहे. त्या रात्री तो कोणी विचारला नाही.

पहाटे पाचच्या सुमाराला ती संडासला गेली आणि तिथे कोसळली. मावशी ओरडल्या. अशा रुग्णाने संडासात किंवा पहिल्यांदा उठून चालताना कोसळावं, हे वारंवार घडतं. कुंथण्याने आणि उठण्याने शिरांतला दाब बदलतो आणि सैल झालेली गुठळी निघते. मिनिटभरात ती शुद्धीवर आली, पण श्वास पुरेना. नाडी १३२, श्वास मिनिटाला ३४, ब्लड प्रेशर ९२/६०, ऑक्सिजन ८६. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना हवा स्वच्छ जातेय. ऑक्सिजन एवढा कमी आणि छातीत आवाज काही नाही, हा विरोधाभास ओळखायला शिका. दमा असता तर शिट्ट्या ऐकू आल्या असत्या, फुफ्फुसात पाणी असतं तर बुडबुडे. इथे हवा पोहोचतेय, पण ती उचलून न्यायला रक्त पोहोचत नाही.

यानंतरची दहा मिनिटं हा पुस्तकाचा गाभा आहे. सिस्टरने तिला सपाट झोपवलं नाही, पाठ उंच केली. पिशवीचा मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. मावशींना इमर्जन्सी ट्रॉली आणायला पाठवलं. फोनवर ती म्हणाली, ‘सिझरचा पाचवा दिवस, डावा पाय साडेतीन सेंटिमीटरने सुजलेला, आत्ता कोसळली, नाडी १३२, प्रेशर ९२, ऑक्सिजन ८६, छाती क्लिअर. पल्मनरी एम्बोलिझम वाटतोय, लगेच या.’ ‘पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टर तोंड धुऊन आले असते. या निरोपाने ते धावत आले.

इंटर्नने मात्र प्रेशर कमी बघून सलाईन मोकळं सोडलं. आपल्या सगळ्यांचा हात तिथेच जातो. पण या आजारात उजव्या कप्प्यापुढे अचानक अडथळा उभा राहिलेला असतो. त्या कप्प्याची भिंत पातळ. तो फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डावा कप्पा नीट भरत नाही आणि म्हणून प्रेशर पडतं. त्यावर आणखी दोन लिटर ओतलं की उजवा कप्पा जास्तच फुगतो. २५० ते ५०० मिलीच्या पुढे जाऊ नये, आणि तेवढ्याने प्रेशर सावरलं नाही तर प्रेशर वाढवणारं औषध लागतं. सिस्टरने २५० मिलीवर सलाईन हळू केलं आणि डॉक्टरांना सांगितलं. दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायची तयारी चालली होती, तेही तिने थांबवलं. रक्त पातळ करायचं किंवा गुठळी विरघळवायचं औषध मिळणार असलेल्या रुग्णाच्या स्नायूत सुई टोचली तर तिथे रक्त साकळतं. दुसरी व्हेन घेतली, रक्ताचे नमुने काढले, ईसीजी काढला. ईसीजीत नुसती जलद नाडी होती. तेच सर्वांत जास्त वेळा दिसतं. पुस्तकी बदल दिसला नाही म्हणून शंका सोडायची नाही.

डॉक्टरांनी टाके आणि अंगावरून जाणारं रक्त पाहिलं आणि हेपॅरिन सांगितलं. सुटं, शिरेतून द्यायचं हेपॅरिन निवडलं, कारण ते बंद केलं की थोड्या तासांत उतरतं आणि गरज पडली तर प्रोटामिनने उलटवता येतं. ताज्या जखमेच्या बाईत हा मोठा आधार. डोस किलोला ८० युनिट, म्हणजे ५,६००. इथे हिशेब जपून करायचा. बाजारात मिलीला १,००० युनिटची आणि मिलीला ५,००० युनिटची, अशा दोन्ही व्हायल मिळतात आणि दिसायला त्या सारख्या असतात. दुसऱ्या व्हायलमधून जेमतेम १.१ मिली लागतं. पहिलीतून तेवढंच घेतलं तर रुग्णाला औषधाचा पाचवा हिस्सा मिळतो, आणि उलट चूक झाली तर पाचपट. म्हणून व्हायल दोघींनी वाचायची, मोठ्याने. पुढे किलोला ताशी १८ युनिट, म्हणजे ताशी १,२६०. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये २५,००० युनिट भरले की पंप ताशी अडीच मिलीवर लावायचा आणि सहा तासांनी एपीटीटी पाठवायची.

तोवर प्रेशर १००च्या वर आलं होतं. १०८ची गाडी बोलावून, डॉक्टर सोबत देऊन तिला मेडिकल कॉलेजला हलवलं. सीटीत दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या दिसल्या. गुठळी विरघळवायचं औषध दिलं नाही. ते मुख्यतः प्रेशर ९०च्या खाली जाऊन तिथेच राहतं तेव्हासाठी असतं, आणि पाच दिवसांच्या जखमेत त्याने जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. हृदय थांबलं असतं तर हा विचार बाजूला ठेवून ते दिलं असतं आणि त्यानंतर छाती दाबणं तास-दीड तास चालू ठेवलं असतं. बाई वाचली. अंगावर पाजत असल्यामुळे घरी जाताना तिला वॉर्फेरिन दिलं, कारण नव्या गोळ्या पाजणाऱ्या आईला देत नाहीत. औषध किमान तीन महिने, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पुढेही बंद.

प्रतिबंधाबद्दल पुस्तकात बरंच आहे, मी दोनच गोष्टींवर थांबतो. पहिली गुडघ्याखालच्या उशीची. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, लोक रात्रभर तळघरांतल्या घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यातले काही जण एम्बोलिझमने दगावत असल्याचं कीथ सिम्पसन या शवविच्छेदन तज्ज्ञाच्या लक्षात आलं. खुर्चीची पुढची दांडी गुडघ्यामागे रुतून शीर दाबली जात होती. आपल्या वॉर्डात रुग्णाला आराम म्हणून गुडघ्याखाली जाड उशी सारली जाते आणि ती दिवसभर तिथेच राहते, तेव्हा होतं तेच. पाय उंच करायचा तर पोटरीखाली लांब आधार द्या, गुडघ्यामागची खोबण मोकळी ठेवा. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली हलवायला लावा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उभं करा. डीव्हीटी झालेल्या रुग्णाला आठवडाभर पाय टांगून झोपवायची जुनी पद्धतही आता गेली. औषध सुरू झालं आणि प्रकृती स्थिर असली की त्याला चालवतात.

दुसरी गोष्ट मोज्यांची. घट्ट मोजे घातले की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं की मांडीपर्यंतच्या मोज्यांनी त्यांना फायदा झाला नाही, उलट कातडीला जखमा झाल्या. याच अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवलं की हवेने फुगून पोटरी दाबणाऱ्या पट्ट्यांचा मात्र उपयोग होतो. माप न घेता घातलेला, वरून गुंडाळी होऊन रुतलेला मोजा तर रक्त अडवण्याचंच काम करतो. इंजेक्शनचा प्रतिबंध ज्यांना देता येतो त्यांना तो वेळेवर मिळतो की नाही, हे बघणं मोज्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. रात्री आठचा डोस ‘पेशंट झोपला होता’ म्हणून चुकवायचा नसतो.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. कॅन्सरच्या रुग्णांतल्या गुठळ्या, रक्ताचे आनुवंशिक दोष आणि शिरेतली जाळी हे विषय त्यात धावते आहेत. डोस दिलेले आहेत, पण आपल्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच पाळायचा. पुस्तकाचा जोर एकाच ठिकाणी आहे : पायाची तक्रार ऐकल्यापासून योग्य माणसाला योग्य शब्दांत फोन लागेपर्यंतचा वेळ कमी करणं.

धोका घरी गेल्यावर संपत नाही. मांडीच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक औषध ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात ते याचसाठी. गुठळ्यांचा मोठा हिस्सा डिस्चार्जनंतरच उघड होतो, आणि तेव्हा पायाकडे बघायला सिस्टर नसते. म्हणून लेखिकांनी शेवटच्या पानावर नातेवाइकांसाठी सोप्या मराठीत सूचना दिल्या आहेत. एक पाय सुजला, दुखला तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन पडलं तर १०८ला फोन करा आणि ऑपरेशन किंवा बाळंतपण कधी झालं ते आधी सांगा. त्या पानाची झेरॉक्स काढायला लेखिकांची परवानगी आहे. आपल्या वॉर्डासाठी काढा आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्डाला लावा.